तान्ह्या बाळाचे बद्धकोष्ठ: लॅक्ट्युलोज आणि ग्लिसरीन सपोझिटरी

तान्ह्या बाळाला घट्ट शी होत असेल तर डॉक्टर सहसा दोन औषधांपैकी एकाचे नाव लिहून देतात. एक लॅक्ट्युलोज, म्हणजे तोंडाने द्यायचे गोड, दाटसर सिरप. दुसरे ग्लिसरीनची सपोझिटरी, म्हणजे गुदद्वारातून आत ठेवायची छोटी, मऊ वडी. घरोघरी ही दोन्ही ‘शी होण्याचे औषध’ म्हणून एकाच फळीवर ठेवली जातात आणि जे हाताशी येईल ते दिले जाते. प्रत्यक्षात त्यांची कामे वेगळी आहेत. सपोझिटरी गुदाशयात आधीच येऊन अडकलेली शी अर्ध्या तासात बाहेर काढते, पण वर आतड्यात तयार होत असलेल्या शीवर तिचा काही परिणाम होत नाही. लॅक्ट्युलोज नेमके ते काम करते. पुढची शी ते मऊ ठेवते, मात्र त्याला एक ते तीन दिवस लागतात. कोणते औषध कधी, किती आणि कुठपर्यंत द्यायचे, हे सगळे या एका फरकावरून ठरते.

त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो: या बाळाला खरोखर बद्धकोष्ठ आहे का? औषध मागायला येणाऱ्या कितीतरी बाळांना ते नसते.

फक्त आईच्या दुधावर असलेले बाळ पहिल्या महिन्यात दिवसातून अनेकदा शी करते. साधारण सहा आठवड्यांनंतर त्याच्या आतड्याची चाल बदलते, आणि एखादे बाळ चार दिवस, आठवडा, कधी दहा दिवसही शी करत नाही. मग ते करते तेव्हा शी पिवळी, पातळसर आणि भरपूर असते. बाळ नीट पीत असेल, लघवी भरपूर होत असेल, वजन वाढत असेल आणि पोट मऊ असेल, तर हे बद्धकोष्ठ नव्हे. आईचे दूध पचून मागे फारसे काही उरत नाही, एवढेच त्याचे कारण. इथे दिवस मोजण्याला अर्थ नाही. शी कशी आहे ते पाहायचे. मात्र पहिल्या महिन्याच्या आतले बाळ शी कमी करत असेल तर ती गोष्ट वेगळी. त्याला दूधच पुरत नसेल, ही शंका आधी घ्यावी लागते, आणि तिचे उत्तर रेचकात नसून वजनकाट्यावर आणि स्तनपानाच्या पद्धतीत असते.

दुसरा प्रकार घरच्यांना अधिक घाबरवतो. दोन-तीन महिन्यांचे बाळ दहा-वीस मिनिटे कुंथते, चेहरा लालबुंद होतो, पाय पोटाशी घेऊन ते कळवळून रडते, आणि शेवटी बाहेर येते ती अगदी मऊ शी. शी करताना पोटाने जोर लावायचा आणि त्याच वेळी गुदद्वाराचा स्नायू सैल सोडायचा, ही दोन कामे एकत्र करणे त्या बाळाला अजून साधलेले नसते. जोर लावताना ते खालचे दार आवळून धरते. ही अडचण नऊ महिन्यांच्या आतल्या बाळांत दिसते आणि काही आठवड्यांत आपोआप सुटते. शी आधीच मऊ असल्याने लॅक्ट्युलोजचा इथे काही उपयोग नाही. सपोझिटरीने शी होते खरी, पण बाळ जे शिकत असते त्यात खंड पडतो, आणि बाहेरून काही घातल्यावरच शी करायची अशी सवय लागू शकते. म्हणून अशा बाळाला काहीही न देणे हाच उपचार, आणि घरच्यांना तो सर्वांत कठीण वाटतो.

खरे बद्धकोष्ठ शीच्या रूपावरून ओळखता येते. शी बकरीच्या लेंड्यांसारखी सुटी आणि कोरडी असते, किंवा बाळाच्या मानाने फार जाड आणि कडक असते. ती बाहेर येताना बाळ किंचाळते. कधी शीच्या पृष्ठभागावर ताज्या लाल रक्ताची रेघ असते, कारण कडक शीने गुदद्वाराच्या कडेला बारीक चीर पडलेली असते. आठवड्यातून दोन किंवा त्याहून कमी वेळा शी, आणि त्यासोबत यातले काही महिनाभर दिसत असेल, तर डॉक्टर त्याला बद्धकोष्ठ म्हणतात. उपचारासाठी मात्र महिना संपायची वाट पाहायची नसते. बाळाला दुखते आहे एवढे कारण पुरेसे असते.

हा त्रास बहुतेक वेळा आहार बदलताना सुरू होतो. सहाव्या महिन्यानंतर पेज, खिमट, नाचणीसत्त्व सुरू होते, किंवा त्याआधीच आईच्या दुधाऐवजी वरचे दूध येते. डब्यातली पावडर घट्ट कालवली गेली, किंवा गाई-म्हशीचे दूध जास्त झाले, की शी कोरडी होते. ती एकदा दुखली की बाळ पुढच्या वेळी ती अडवून धरते. शी जितका वेळ आत राहते तितके तिच्यातले पाणी मोठे आतडे शोषून घेते, आणि ती आणखी कडक होते. लहान मुलांच्या बहुतेक बद्धकोष्ठामागे दुखणे आणि अडवणे यांचे हे चक्र असते. औषधाने तोडायचे ते हेच.

लॅक्ट्युलोज ही प्रयोगशाळेत तयार केलेली साखर आहे. दुधातल्या साखरेतून, म्हणजे लॅक्टोजपासून, ती बनवतात. गॅलॅक्टोज आणि फ्रुक्टोज या दोन साखरा त्यात जोडलेल्या असतात. फार तापवलेल्या दुधातही ती अल्प प्रमाणात तयार होते. माणसाच्या लहान आतड्यात ही जोडी तोडणारे पाचकद्रव्यच नाही, त्यामुळे ती रक्तात न जाता जशीच्या तशी मोठ्या आतड्यात पोचते. तिथले जंतू तिला आंबवतात आणि त्यातून सौम्य आम्ले तयार होतात. ही आम्ले आणि न पचलेली साखर मिळून आतड्यात पाणी धरून ठेवतात. शी मऊ होते, तिचा आकार थोडा वाढतो आणि ती पुढे सरकते. १९५७ मध्ये पेट्युएली या ऑस्ट्रियन संशोधकाने लॅक्ट्युलोजने बाटलीच्या दुधावरच्या बाळांच्या आतड्यातले हितकारक जंतू वाढतात असे दाखवले, आणि रेचक म्हणून त्याचा वापर त्यानंतर रुळला. औषध शरीरात शोषले जात नाही, म्हणूनच एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या बद्धकोष्ठात तोंडाने देण्याचे पहिले औषध म्हणून भारतातही डॉक्टर लॅक्ट्युलोजच निवडतात. पॉलिएथिलिन ग्लायकॉलची पावडर वर्षानंतरच्या मुलांत पहिली पसंती असते.

बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या सिरपमध्ये १५ मिलीत १० ग्रॅम लॅक्ट्युलोज असते, म्हणजे ५ मिलीत ३.३५ ग्रॅम. पुढचे सगळे आकडे याच तीव्रतेचे आहेत, म्हणून बाटलीवर ती तपासून घ्यावी. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या प्रमाणित औषधपुस्तिकेत १ ते ११ महिन्यांच्या बाळाला सुरुवातीला २.५ मिली दिवसातून दोनदा आणि १ ते ४ वर्षांच्या मुलाला २.५ ते १० मिली दिवसातून दोनदा असे प्रमाण दिले आहे. त्यानंतर गुण पाहून ते कमी-जास्त करायचे असते. एक महिन्याच्या आतल्या बाळासाठी घरी द्यायचे असे प्रमाण त्यात नाही. इतक्या लहान बाळाला बद्धकोष्ठ वाटले तर बाटली न उघडता डॉक्टरकडे जायचे.

दुसरी पद्धत वजनावर चालते. बालपोटविकारतज्ज्ञ दर किलोमागे दिवसाला १ ते २ ग्रॅम, म्हणजे १.५ ते ३ मिली, असा हिशेब धरतात. सात किलोच्या बाळाला त्यानुसार दिवसाला सुमारे १० ते २० मिली होते. वयावरच्या हिशेबाने त्याच बाळाला दिवसभरात ५ मिली मिळाले असते. एका डॉक्टरने लिहिलेले प्रमाण दुसऱ्याच्या दुप्पट-तिप्पट का, असा प्रश्न पडून पालक गोंधळतात, त्याचे मूळ इथे आहे. दोघांपैकी कोणी चुकलेले नसते. वयावरचे प्रमाण सुरुवातीचे असते. वजनावरचे प्रमाण, शी आधीच साचून कडक झालेली असेल तर जिथपर्यंत जावे लागू शकते ते दाखवते. कमी प्रमाणाने सुरू करून वाढवत नेणे तान्ह्या बाळाला सोसते, कारण पहिल्या काही दिवसांत जंतू साखर आंबवतात तेव्हा वायू होतो, पोट गुरगुरते आणि बाळ चिडचिडे होते. प्रमाण एकदम मोठे असले की हा त्रास वाढतो आणि घरचे औषध बंद करून टाकतात. हळूहळू वाढवल्यास आठवड्याभरात तो बहुधा ओसरतो.

२.५ मिली मोजायला स्वयंपाकघरातला चमचा वापरू नये; चमचे एकसारखे नसतात. बाटलीसोबत येणारे माप, किंवा त्याहून बरी अशी सुई नसलेली सिरिंज घ्यावी, आणि बाळाच्या गालाच्या आतल्या बाजूला थोडे थोडे सोडावे. सिरप फार गोड आणि चिकट असते. ते थोड्या दुधात मिसळून दिले तरी चालते. दात येऊ लागलेल्या बाळाच्या हिरड्या आणि दात औषधानंतर ओल्या फडक्याने पुसावेत. गॅलॅक्टोसेमिया हा जन्मजात आजार असलेल्या बाळाला लॅक्ट्युलोज देता येत नाही, कारण त्यात थोडे गॅलॅक्टोज आणि लॅक्टोज मोकळे असते, आणि गॅलॅक्टोज त्या बाळाला बाधते.

औषध सुरू केल्यावर दुसऱ्या दिवशी शी झाली नाही म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही. शी मऊ व्हायला ते मोठ्या आतड्यापर्यंत पोचावे लागते आणि तिथे आंबावे लागते. तीन दिवस तेच प्रमाण चालू ठेवून मगच ते वाढवायचे की नाही हे ठरवता येते. रोज सकाळी प्रमाण बदलत राहिले तर कोणत्या प्रमाणाचा कोणता परिणाम झाला हेच समजत नाही.

ग्लिसरीनची सपोझिटरी या सगळ्याची वाट पाहत नाही. ग्लिसरीन जिलेटिनमध्ये घट्ट करून तिची वडी केलेली असते. एक ग्रॅमच्या वडीत सुमारे ७०० मिलिग्रॅम ग्लिसरीन असते. ती गुदाशयात गेली की भिंतीतून पाणी ओढून घेते, आतला भाग बुळबुळीत करते, आणि भिंतीला थोडी चेतवून शी पुढे ढकलायला लावते. साधारण १५ ते ३० मिनिटांत शी होते. १ ते ११ महिन्यांच्या बाळाला १ ग्रॅमची एक वडी, १ ते ११ वर्षांच्या मुलाला २ ग्रॅमची एक वडी, आणि तीही गरज पडली तरच, असे ब्रिटिश पुस्तिकेतले प्रमाण आहे. अमेरिकेत दोन वर्षांखालील बाळाला ती डॉक्टरला विचारूनच द्यावी असे पाकिटावर छापलेले असते, आणि घरी हाच नियम पाळणे शहाणपणाचे. नवजात अतिदक्षता विभागात डॉक्टर तिचा छोटा तुकडा वापरतात, तो अनुभव घरी लागू पडत नाही. दुकानातून वडी घेताना पाकिटावरच्या ‘लहान मुलांसाठी’ या शब्दांवर न थांबता ती किती ग्रॅमची आहे ते वाचावे. मोठी वडी आली असेल तर घरी अंदाजाने कापू नये. दुकानदाराकडून योग्य मापाची घ्यावी.

वडी ठेवण्याची कृती साधी आहे, पण घाईने केली की बाळाला इजा होते. हात धुवून वडी वेष्टनातून काढावी आणि साध्या पाण्यात ओली करावी. तेल किंवा मलम लावायची गरज नसते. बाळाला डाव्या कुशीवर, किंवा उताणे ठेवून गुडघे पोटाकडे दुमडून धरावे. निमुळते टोक पुढे ठेवून वडी हळू आत सरकवावी, गुदद्वाराच्या स्नायूच्या अगदी पलीकडे, म्हणजे तान्ह्या बाळात बोटाच्या पहिल्या पेराहून कमी खोल. अडथळा जाणवला तर जोर करू नये. मग ढुंगणाचे दोन्ही भाग दोन-तीन मिनिटे हलकेच जुळवून धरावेत, नाहीतर वडी लगेच बाहेर येते. ती पूर्ण विरघळायला हवी असे नाही. काही मिनिटांनी अर्धवट बाहेर आली तरी शी बहुधा होते. त्या दिवशी दुसरी वडी घालू नये. उन्हाळ्यात वडी मऊ पडून वाकते, म्हणून ती थंड, कोरड्या जागी ठेवावी.

महाराष्ट्रात सपोझिटरीच्या आधीपासून विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून बाळाच्या गुदद्वारात घालतात. काही घरांत साबणाची वडी तासून घालतात. शी होते, म्हणून हे उपाय टिकले. पण देठाचे टोक टणक असते आणि तो कितपत स्वच्छ आहे ते कोणी सांगू शकत नाही. साबणाने गुदाशयाचे अस्तर भाजल्यासारखे होते. अशा बाळाला आधीच चीर पडलेली असेल तर दुखणे वाढते, आणि मग शी अडवून धरण्याचे तेच चक्र आणखी पक्के होते. तोंडाने एरंडेल देणेही तान्ह्या बाळात टाळायचे असते. पॅराफिनचे तेल तर अजिबात नको, कारण ठसका लागून ते फुप्फुसात गेले की तिथे सूज येते. एक वर्षाच्या आत मध देऊ नये, कारण त्यातल्या बीजाणूंपासून बाळाला बोट्युलिझम होऊ शकतो. आणि त्या आजाराचे पहिले लक्षण पुष्कळदा बद्धकोष्ठच असते. त्यापाठोपाठ दूध ओढणे मंदावते, रडणे क्षीण होते, मान लुळी पडते.

सपोझिटरीचा खरा धोका ती वापरताना होणाऱ्या इजेत कमी आणि तिच्या यशात जास्त आहे. ती घातली की शी होते, बाळ शांत होते, आणि प्रश्न सुटला असे वाटते. दर तीन-चार दिवसांनी ती घालावी लागत असेल, तर शी का अडते हे कोणी पाहिलेले नसते. हिर्शस्प्रुंग रोगात असेच होते. डेन्मार्कच्या हिर्शस्प्रुंग या बालरोगतज्ज्ञाने १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले. सुमारे पाच हजार जन्मांमागे एका बाळाला तो होतो. मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच तयार झालेल्या नसतात, त्यामुळे तो भाग कायम आवळलेला राहतो आणि शी त्याच्या वर साठते. सपोझिटरी किंवा बोट आत गेले की शी आणि वायू जोराने बाहेर पडतात, दोन दिवस बरे वाटते, पोट पुन्हा फुगते. अशा वेळी घरी वड्या चालू राहिल्या तर निदानाला महिने लागतात, आणि मधल्या काळात आतड्याला गंभीर संसर्ग होऊ शकतो. याचा धागा बहुतेकदा जन्माच्या वेळीच सापडतो: बाळाने पहिली काळी शी जन्मानंतर ४८ तासांच्या आत केली होती का? उत्तर ‘नाही’ असेल, किंवा बद्धकोष्ठ पहिल्या महिन्यातच सुरू झाले असेल, तर घरात कोणतेही औषध न देता बाळाला तज्ज्ञाला दाखवावे लागते. हिरवट उलटी, फुगून ताणलेले पोट, ताप आणि सुस्ती, वजन न वाढणे, रिबिनीसारखी बारीक शी, कंबरेखाली मणक्यावर केसांचा झुपका किंवा खळगा, पाय कमी हलवणे, चीर दिसत नसताना शीतून रक्त, हीदेखील तशीच लक्षणे. हिरवट उलटी आणि फुगलेले पोट एकत्र दिसले तर बाळाला त्याच तासाला रुग्णालयात न्यायचे असते.

हे सगळे प्रत्यक्षात कसे चालते ते एका कल्पित बाळावर पाहू. सात महिन्यांची मुलगी, वजन ७ किलो. जन्मानंतर पहिल्या दिवशीच शी झाली होती, वाढ चांगली आहे. आईचे दूध कमी करून म्हशीचे दूध दिवसातून तीन वेळा आणि तांदळाची पेज सुरू झाली आहे. गेल्या तीन आठवड्यांत ती चार-पाच दिवसांनी शी करते. शी कडक, जाड, वर रक्ताची रेघ. आज सकाळपासून ती कुंथते आहे, शी गुदद्वारापाशी दिसते पण बाहेर येत नाही. डॉक्टर तपासतात, पोट मऊ आहे, गुदद्वाराच्या कडेला एक छोटी चीर आहे, बाकी काही नाही.

आज सपोझिटरीला जागा आहे: १ ग्रॅमची एक वडी, एकदाच. वीस मिनिटांत शी होते. त्याच संध्याकाळी लॅक्ट्युलोज २.५ मिली सुरू होते, सकाळ-संध्याकाळ. म्हशीचे दूध बंद करून पुन्हा आईच्या दुधावर भर दिला जातो, पेजेच्या जोडीला पपई, शिजवून कुस्करलेले नासपती आणि थोडी पातळ डाळ येते, आणि जेवणाबरोबर दोन-तीन घोट उकळून गार केलेले पाणी. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हे पाणी आणि ही फळे द्यायची नसतात; त्याच्यात फक्त दूध आणि ते कालवण्याची पद्धत तपासायची.

तिसऱ्या दिवशी शी होते, पण अजून घट्ट. प्रमाण ५ मिली सकाळी आणि २.५ मिली संध्याकाळी केले जाते. आणखी तीन दिवसांनी शी मऊ, पण आकार असलेली, एक दिवसाआड येते. बाळ कुंथते, पण रडत नाही. दुसऱ्या आठवड्यात ५ मिली दोनदा दिले तेव्हा शी रोज, कालवलेल्या पेजेइतकी मऊ झाली. दिवसाचे १० मिली म्हणजे किलोमागे सुमारे १.४ मिली, वजनाच्या हिशेबाची खालची सीमाही अजून गाठलेली नाही. प्रमाण इथे थांबते. पाहायची ती शी, आकडा नव्हे. पातळ, पाण्यासारखी शी दिवसातून चार-पाचदा होऊ लागली असती, तर प्रमाण निम्म्यावर आणायचे असते. उलट्या-जुलाबांच्या साथीत बाळाला जुलाब लागले तर ते थांबेपर्यंत लॅक्ट्युलोज पूर्ण बंद ठेवायचे. एरवी शरीरातले पाणी लवकर कमी होते. लघवी कमी होणे, तोंड कोरडे पडणे, टाळू आत जाणे ही त्याची चिन्हे.

आता थांबवण्याचा प्रश्न. सपोझिटरीच्या बाबतीत उत्तर छोटे आहे. एकदा दिली, शी झाली, संपले. एक वडी देऊनही तासाभरात काहीच झाले नाही, रक्त दिसले, किंवा आठवड्याभरात तिची पुन्हा गरज पडली, तर ती पुन्हा न घालता डॉक्टरकडे जायचे. शी मऊ असताना ती फक्त ‘दोन दिवस झाले नाही’ म्हणून घालायची नसते.

लॅक्ट्युलोजच्या बाबतीत मात्र पालक उलट चूक करतात. शी आठवड्यात मऊ झाली की बाटली बंद होते, कारण औषधाची सवय लागेल अशी भीती असते. सवय लागण्याचा धोका आतडे चेतवणाऱ्या रेचकांच्या संदर्भात ऐकलेला असतो. लॅक्ट्युलोज फक्त पाणी धरून ठेवते. आतड्याचे काम ते आपल्याकडे घेत नाही. लवकर थांबवले तर चीर अजून भरलेली नसते, पहिली घट्ट शी पुन्हा दुखते, आणि बाळ पुन्हा अडवू लागते. तज्ज्ञांच्या मार्गदर्शनानुसार औषध किमान दोन महिने चालवतात, आणि त्रास पूर्ण थांबल्यावर निदान एक महिना गेल्याशिवाय कमी करायला घेत नाहीत. तान्ह्या बाळात त्रास नुकताच सुरू झालेला असेल आणि आहारातले कारण दूर झाले असेल, तर डॉक्टर हा काळ लहान करू शकतात. पण शेवट हळूहळू करायचा हे बदलत नाही.

आपल्या उदाहरणातल्या मुलीला दोन महिने ५ मिली दोनदा चालू राहते. शेवटचा महिनाभर शी मऊ, न रडता, दिवसाला किंवा दिवसाआड. मग संध्याकाळचे ५ मिली २.५ वर येतात आणि दोन आठवडे तसे राहतात. शी मऊच आहे, म्हणून सकाळचेही २.५ होतात. आणखी दोन आठवड्यांनी संध्याकाळचे बंद, त्यानंतर सकाळचे बंद. एकूण चौदा-पंधरा आठवडे. मधल्या एका टप्प्यावर शी घट्ट झाली, तर घाबरून सुरुवातीच्या प्रमाणावर जायचे नाही. फक्त एक पायरी मागे, जिथे शी मऊ होती तिथे, आणि आणखी दोन आठवडे थांबून पुन्हा प्रयत्न.

पूर्ण प्रमाणात नियमित देऊनही दोन-तीन आठवड्यांत शी मऊ होत नसेल, किंवा नीट कमी करत आणूनही त्रास पुन्हा पुन्हा परतत असेल, तर औषध वाढवत राहण्याऐवजी निदान पुन्हा तपासले जाते. डॉक्टर थायरॉइडची रक्ततपासणी सांगतात, कारण जन्मजात थायरॉइडची कमतरता असलेले बाळ सुस्त असते आणि त्याला बद्धकोष्ठ असते. गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी वाटली तर दोन ते चार आठवडे ती प्रथिने पूर्ण बंद करून पाहतात. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईलाही तेवढे दिवस दूध-दही सोडावे लागते. त्रास थांबून प्रथिने पुन्हा दिल्यावर तो परतला, तर ॲलर्जी ठरते. हिर्शस्प्रुंगची शंका उरली तर गुदाशयाच्या अस्तराचा बारीक तुकडा काढून त्यात मज्जापेशी आहेत का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि त्या नसतील तर उपचार शस्त्रक्रियेचा असतो.